उंची नेमकी कधी अडते? बाका, एफे आणि आएटा लोकांच्या बुटकेपणाबद्दल

प्रश्न: आफ्रिकेतल्या घनदाट जंगलात राहणारे पिग्मी लोक इतके बुटके का असतात? एका ठिकाणी वाचलं की त्यांच्यात ग्रोथ हार्मोनचा दोष आहे. दुसरीकडे वाचलं की मरण लवकर येतं म्हणून शरीर वाढ लवकर थांबवतं. मला आपलं वाटायचं की खायला पुरेसं मिळत नसेल. यातलं खरं कोणतं?

उत्तर:

ही तीन उत्तरं एकमेकांशी भांडताहेत असं वाटतं, पण त्यातली दोन मुळात वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. हार्मोनवाले सांगतात की शरीर कमी वाढतं ते कसं. लवकर मरणाचा मुद्दा मांडणारे सांगतात की असं शरीर हजारो वर्षं का टिकलं. एक बरोबर निघालं म्हणून दुसरं आपोआप चूक ठरत नाही.

मी लहान मुलांच्या वाढीचे विकार बघते. या कामाला बावीस वर्षं झाली. ‘मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आहे’ म्हणून आईवडील येतात तेव्हा आकडा किती हे मी नंतर विचारते. आधी विचारते, ‘कधीपासून?’ जन्मतःच लहान होता, दुसऱ्या वर्षात मागे पडला, की बाकीची मुलं वयात आली तेव्हा हा मागे राहिला? या तीन उत्तरांमागे बऱ्याचदा तीन निरनिराळी कारणं असतात. जंगलातल्या या लोकांबद्दलही मला हाच प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो, आणि गेल्या काही वर्षांत त्याचं जे उत्तर मिळालं त्याने जुनी समजूत बरीच हलली आहे.

आधी नावाबद्दल थोडं. ‘पिग्मी’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. या लोकांनी तो स्वतःसाठी निवडलेला नाही आणि त्यांच्यातल्या अनेकांना तो अपमानाचा वाटतो, म्हणून जमेल तिथे मी त्यांची स्वतःची नावं वापरते. कॅमेरूनच्या आग्नेय भागात बाका राहतात. कांगोच्या इतुरी जंगलात एफे आणि सुआ. युगांडात बाट्वा. आफ्रिकेबाहेर फिलिपिन्समध्ये आएटा आणि बाटाक आहेत. पुरुषांची सरासरी उंची १५० किंवा १५५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर अभ्यासक त्या समाजाला या गटात धरतात. रेषा कुठे आखायची यावर एकमत नाही. एफे पुरुषांची सरासरी १४३ सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे आपल्याकडच्या सरासरी पुरुषापेक्षा वीसेक सेंटिमीटर कमी. हातपाय, धड, डोकं यांचं प्रमाण मात्र नीट असतं. ही माणसं आजारी नाहीत. हे सांगायचं कारण असं की पुढे मी दवाखान्यातल्या आजारांशी तुलना करणार आहे. ती फक्त यंत्रणा समजण्यापुरती आहे.

तुमचा अंदाज होता खाण्याचा. तो सगळ्यांच्याच मनात आधी येतो आणि तो बिनबुडाचा नाही, कारण उपासमारीने उंची खुंटते हे मी रोज बघते. पण इथे तो पुरा पडत नाही. केनियातले तुर्काना पशुपालक घ्या. उंचीच्या मानाने ते अत्यंत कृश असतात, दुष्काळ त्यांच्या पाचवीला पुजलेला आहे, आणि तरीही ते उंच असतात. दुसरा पुरावा जास्त जवळचा आहे. बाट्वांना १९९१ साली राष्ट्रीय उद्यानासाठी जंगलातून बाहेर काढलं गेलं आणि आता ते बाकिगा शेतकऱ्यांच्या शेजारी राहतात. पिढ्यान्‌पिढ्या थोडे आंतरविवाह झाल्यामुळे काही बाट्वांमध्ये शेतकरी पूर्वजांचा वाटा जास्त आहे, काहींमध्ये कमी. जनुकं तपासून हा वाटा मोजला आणि उंचीशी ताडून पाहिला, तर शेतकरी वाटा जितका जास्त तितकी उंची जास्त असं दिसलं. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. कॅमेरून आणि गाबोनमधल्या गटांतही त्याआधी असाच संबंध दिसला होता. कमी खाणं एवढंच कारण असतं, तर एकाच वस्तीत, सारखंच खाणाऱ्यांमध्ये उंची पूर्वजांप्रमाणे बदलली नसती. तेव्हा यात अनुवांशिक भाग मोठा आहे हे धरून चालू.

आता हार्मोनची साखळी. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती ग्रोथ हार्मोन सोडते, पण सलग सोडत नाही. झोपेत, झटक्याझटक्याने सोडते. त्यामुळे सकाळी एकदा रक्त काढून मोजलेल्या ग्रोथ हार्मोनला जवळजवळ काही अर्थ नसतो. असे रिपोर्ट घेऊन लोक येतात आणि घाबरलेले असतात. हे हार्मोन यकृताच्या पेशींवरच्या ‘रिसेप्टर’ला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या कुलपाला, जाऊन चिकटतं. कुलूप उघडलं की यकृत दुसरा पदार्थ तयार करतं, आयजीएफ-१. हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्यांमध्ये हाडाची लांबी वाढते ती बऱ्याच अंशी या आयजीएफ-१मुळे. मग साखळी तीन ठिकाणी ढिली पडू शकते: ग्रोथ हार्मोन कमी असणं, कुलूप कमी किंवा सदोष असणं, किंवा आयजीएफ-१ असूनही पेशींनी त्याला दाद न देणं.

अमेरिकी डॉक्टर रिमोइन आणि मेरिमी यांनी १९६०च्या दशकात मध्य आफ्रिकेतल्या बुटक्या लोकांमध्ये हेच तपासायला सुरुवात केली. ग्रोथ हार्मोन नेहमीइतकं निघालं. मग त्यांनी बाहेरून ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं देऊन पाहिली, तर शरीराचा प्रतिसाद थंड. म्हणजे निरोप निघतोय, पण ऐकला जात नाही. १९८१ साली मेरिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयजीएफ-१ कमी असल्याचं मांडलं. १९८७च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासाने गोष्ट अधिक नेमकी केली: वयात येण्याआधीच्या मुलांमध्ये आयजीएफ-१ इतर मुलांसारखंच होतं, पण वयात येताना ते जसं उसळी मारतं तशी उसळी इथे दिसली नाही. किशोरवयात ते तुलनेच्या गटाच्या साधारण एक तृतीयांशच होतं, आणि टेस्टोस्टेरॉन मात्र ठीक होतं. १९८९ साली आणखी एक दुवा जोडला गेला. रिसेप्टरचा बाहेरचा तुकडा सुटून रक्तात फिरत असतो, त्यावरून शरीरात कुलपं किती असतील याचा अंदाज येतो. हा तुकडाही या लोकांच्या रक्तात कमी निघाला.

इथे एक सुबक कहाणी तयार झाली. लहानपणी वाढ ठीक, वयात येताना उंचीची झेप नाही, म्हणून बुटकेपणा. मी शिकत होते तेव्हा पुस्तकात हेच होतं आणि मीही विद्यार्थ्यांना अनेक वर्षं हेच शिकवलं.

या कहाणीची कमकुवत जागा रक्ततपासणीत नव्हती. ती वयात होती. जंगलात फिरत्या वस्तीत जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? संशोधक आले की दातांवरून, शरीराच्या खुणांवरून, ‘अमक्या पुराच्या वेळी हा रांगत होता’ अशा आठवणींवरून वयाचा अंदाज बांधत. उंची मिलिमीटरपर्यंत मोजलेली आणि वय दोन वर्षं इकडेतिकडे.

त्याने काय होतं ते मी स्वतः अनुभवलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आदिवासी तालुक्यातल्या निवासी शाळेत आम्ही मुलांची उंची मोजायला गेलो होतो. भिंतीला स्टेडिओमीटर लावला, टाचा टेकवल्या, नजर समोर, सगळं शिस्तीत. संध्याकाळी तक्ता मांडला आणि मुलग्यांची किशोरवयातली झेप दिसेचना. आलेख बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत संथ चढत होता. मी हार्मोनबद्दल विचार करू लागले होते. बरोबरच्या परिचारिकेने रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाली, ‘मॅडम, जन्मतारीख बघा.’ पानंच्या पानं १ जून. शाळेत नाव घालताना अंदाजाने वय लावून १ जून टाकून दिलेलं. आपल्या आधीच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस असाच कागदावर १ जूनला येतो. आम्ही मग काही मुलांच्या डाव्या हाताचे एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं, तर ‘चौदा वर्षांच्या’ मुलांमध्ये प्रत्यक्षात बारा ते सोळा अशी सरमिसळ होती.

हिशोब साधा आहे. मुलगा ऐन झेपेत असताना वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो, पण हा जोर वर्षभरच टिकतो. त्याच्या आधी वेग पाच सेंटिमीटर असतो आणि झेप सरल्यावर दोनवर येतो. आता ‘चौदा’ या रकान्यात पाचवाले, नऊवाले आणि दोनवाले एकत्र टाका. सरासरी येते सव्वापाचच्या आसपास. झेप प्रत्येक मुलात होती, फक्त सरासरीने ती पुसून टाकली. आयजीएफ-१चंही असंच होतं, कारण ते वयापेक्षा शरीर वयात येण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावर जास्त अवलंबून असतं. मेरिमींचं सगळं काम यामुळे चूक ठरतं असं मी म्हणत नाही. पण ‘किशोरवयात झेप नाही’ या विधानाला खरी वयं हवी होती.

ती मिळाली कॅमेरूनमध्ये. मोआंज-ल-बोस्के नावाच्या गावात कॅथलिक मिशन आहे आणि तिथे बाका मुलांच्या जन्माच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. फर्नांदो रामिरेझ रोझ्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींच्या आधारे, वय खात्रीने माहीत असलेल्या मुलांची वाढ जन्मापासून प्रौढपणापर्यंत मांडली आणि २०१५ साली प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा: बाका बाळ जन्मतः नेहमीच्या मापात असतं. पहिल्या दोन वर्षांत त्याच्या वाढीचा वेग ठळकपणे मंदावतो. त्यानंतर आलेख इतर मुलांसारखाच, फक्त खालच्या पातळीवरून चालतो. आणि किशोरवयात झेप येते.

पहिल्या दोन वर्षांत एवढं नुकसान होऊ शकतं का, असं वाटेल. होऊ शकतं. आपलं बाळ जन्मतः पन्नास सेंटिमीटर असतं, वर्षाचं झालं की पंचाहत्तर, दोन वर्षांचं झालं की सत्त्याऐंशीच्या घरात. चोवीस महिन्यांत सदतीस सेंटिमीटर. आयुष्यात पुन्हा कधीही इतकी वाढ इतक्या थोड्या काळात होत नाही, वयात येतानाही नाही. इथे वेग थोडा जरी कमी राहिला आणि नंतर भरपाई झाली नाही, तर ते अंतर जन्मभर राहतं, आणि पुढची वाढ त्याच खालच्या रुळावरून होत गेली की प्रौढपणी ते आणखी रुंदावतं.

मला यात सगळ्यात जास्त अडकवणारी गोष्ट पुढे आहे. इतुरी जंगलातल्या एफे बाळांची जन्मापासून पाच वर्षांपर्यंतची मोजमापं रॉबर्ट बेली यांनी १९९१ साली शेजारच्या लेसे शेतकऱ्यांच्या मुलांशी तुलना करून दिली होती. एफे बाळं जन्मतःच लहान होती. म्हणजे पश्चिमेकडचे बाका जन्मानंतर मागे पडतात, पूर्वेकडचे एफे पोटात असतानाच. प्रौढपणी दोघेही बुटके. पण वाटा दोन.

माझ्या व्यवसायातल्या कुणालाही हे वाचून लगेच काहीतरी आठवेल. पोटातल्या बाळाच्या लांबीला ग्रोथ हार्मोन फारसं लागत नाही. जन्मतः ग्रोथ हार्मोन नसलेलं मूल बहुतेक वेळा जवळपास नेहमीच्या लांबीचं जन्मतं आणि पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या वर्षात आलेखावरून घसरू लागतं, कारण वाढीची सूत्रं ग्रोथ हार्मोनच्या हातात तेव्हा जातात. आयजीएफ-१ मात्र पोटातही लागतं. ज्यांच्यात आयजीएफ-१चं जनुकच बिघडलेलं असतं ती अत्यंत दुर्मीळ मुलं जन्मतःच फार लहान असतात. या दोन चित्रांपैकी बाका पहिल्यासारखे दिसतात आणि एफे दुसऱ्यासारखे, अर्थात अतिशय सौम्य रूपात. आणि प्रयोगशाळेतले तुकडेही असेच पडले आहेत. २००९ साली बाका प्रौढांच्या पेशींत ग्रोथ हार्मोन रिसेप्टरच्या जनुकाचं काम कितीतरी पटींनी कमी दिसलं. १९९०च्या दशकात एफे लोकांच्या रक्तातून वाढवलेल्या पेशींनी आयजीएफ-१लाच दाद दिली नव्हती.

हे जुळतं, म्हणून ते सिद्ध झालं असं धरू नका. एफेंच्या त्या पेशी प्रयोगशाळेत विषाणूच्या मदतीने अमर केलेल्या होत्या, अशा पेशी शरीरातल्यासारख्याच वागतील याची हमी नसते. बाकांची रिसेप्टरची तपासणी प्रौढांमध्ये झाली, वाढ तर मंदावते दुसऱ्या वर्षात. शिवाय कुलूप कमी असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिसेप्टरच बिघडलेला असतो त्या आजाराला लॅरॉन सिंड्रोम म्हणतात. त्यात ग्रोथ हार्मोन प्रचंड वाढलेलं असतं, चेहऱ्याची ठेवण वेगळी असते, आणि उपचार नसेल तर प्रौढ उंची बहुधा ११० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यानच राहते. बाका किंवा एफे यांच्यात असं काही नसतं. त्यांच्यात एक मोठा दोष शोधणं मला चुकीचं वाटतं. पुष्कळ जनुकांचे लहानलहान फरक एकाच दिशेने साचलेले असावेत.

इथपर्यंत झालं ‘कसं’. आता ‘का’.

तुम्ही वाचलेली लवकर मरणाची कल्पना आंद्रेया मिग्लियानो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडली. तिच्यामागचं शास्त्र म्हणजे जीवनक्रमाचा हिशोब: शरीराकडे जी ऊर्जा आणि जो वेळ आहे तो वाढीवर खर्च करायचा की मुलं जन्माला घालण्यावर? दोन्ही एकाच वेळी भरपूर करता येत नाही. त्यांनी आएटा, बाटाक आणि आफ्रिकेतले काही गट यांची आकडेवारी तपासली. या गटांत जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान सोळा ते चोवीस वर्षं इतकं कमी निघालं. याचा अर्थ सगळे विशीत मरतात असा नव्हे. बालमृत्यू इतके जास्त की सरासरी खाली येते. पण मोठ्यांचे मृत्यूही जास्तच होते. आएटा मुलींची वाढ बारा-तेरा वर्षांच्या सुमारास थांबते आणि मातृत्वही लवकर येतं.

हे डोक्यात शिरायला एक काल्पनिक हिशोब करून पाहू. दोन मुली. एकीची वाढ तेराव्या वर्षी थांबते आणि पहिलं मूल सोळाव्या वर्षी होतं. दुसरी आणखी वाढते आणि पहिलं मूल विसाव्या वर्षी होतं. मधे चार वर्षं. ज्या समाजात या वयात दरवर्षी शंभरातली एक व्यक्ती मरते तिथे दुसरी मुलगी ती चार वर्षं जगून पार करण्याची शक्यता शहाण्णव टक्के आहे. उशीर केल्याचा तोटा चार टक्क्यांचा. उंच, दणकट आईची मुलं जास्त जगत असतील तर तो सहज भरून निघतो. गांबियाच्या ग्रामीण भागातल्या स्त्रियांच्या अभ्यासात उंच आयांची मुलं खरोखरच जास्त जगलेली दिसली आहेत. आता दरवर्षी शंभरात पाच मरतात असं धरा. चार वर्षं जगण्याची शक्यता एक्क्याऐंशी टक्क्यांवर येते. आता उंच होण्यातून निदान तेवीस टक्के जास्त मुलं वाचली तरच थांबणं परवडेल. ते कठीण आहे. अशा ठिकाणी लवकर थांबणारी, लवकर आई होणारी शरीरं पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकतात, आणि बुटकेपणा त्यांच्यासोबत आपसूक येतो. म्हणजे या मांडणीत निवड उंचीची झालेलीच नाही. निवड झाली लवकर मातृत्वाची, उंची त्यात गेली.

तुर्कानांचं उदाहरण इथे पुन्हा कामाला येतं. त्यांची वाढ अन्नाअभावी संथ असते, पण ती उशिरापर्यंत चालू राहते, म्हणून ते उंच होतात. आएटांची वाढ लवकर थांबते. तेव्हा फिलिपिन्सपुरती ही मांडणी मला पटते.

आफ्रिकेत ती तशीच लावताना मात्र मी थबकते. २०१०मध्येच काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला होता की आफ्रिकेतल्या या गटांची मृत्यू आणि प्रजननाची आकडेवारी हा निष्कर्ष पेलत नाही. मग २०१५चा बाकांचा अभ्यास आला, आणि त्यात स्पष्ट म्हटलं आहे की जीवनक्रमाच्या मापांवरून बाका इतर समाजांपेक्षा वेगळे दिसत नाहीत. त्यांची वाढ लवकर थांबत नाही, किशोरवयातली झेपही आहे. ज्या गटात फरक पहिल्या दोन वर्षांतच पडून गेला, तिथे ‘तेराव्या वर्षी वाढ थांबवून मातृत्वाकडे वळणं’ हे कारण लागू करायचं तरी कुठे? ‘कधीपासून?’ हा प्रश्न मी सुरुवातीला का धरला ते इथे कळेल. वाढ कोणत्या वयात अडते यावरून हार्मोनच्या साखळीतली जागा कळते, आणि कोणती ‘का’वाली मांडणी तिथे बसूच शकत नाही तेही कळतं.

शिवाय मृत्युदर आपण मोजतो तो आजचा. जंगल गेलेलं, जमिनीवरून हुसकावलेलं, बाहेरचे रोग आलेले, अशा अवस्थेतला. हजारो वर्षांपूर्वी मरणाचं प्रमाण असंच होतं की नाही हे त्यावरून ठरवणं धोक्याचं आहे.

मग आफ्रिकेत ‘का’ काय? मला त्यातला एक धागा विशेष महत्त्वाचा वाटतो. २०१२ साली कॅमेरूनमधल्या गटांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात तिसऱ्या गुणसूत्राचा एक पट्टा उठून दिसला. निवडीच्या खुणा आणि उंचीशी संबंध, दोन्ही तिथे होते. त्या पट्ट्यात सीआयएसएच नावाचं जनुक आहे. ते पेशीच्या आत ग्रोथ हार्मोनच्या निरोपावर ब्रेक लावतं. त्याच जनुकाचा संबंध मलेरिया आणि क्षयासारख्या संसर्गांना शरीर किती बळी पडतं याच्याशीही आढळला आहे. म्हणजे दमट जंगलात रोगांशी लढताना जे रूप टिकलं त्यानेच वाढीवरचा ब्रेक जरा घट्ट केला असेल, अशी शक्यता उघडते. शक्यताच, त्या पट्ट्यात इतरही जनुकं आहेत आणि नेमकं कोणतं कारणीभूत हे वेगळं काढणं अवघड आहे.

बाकीच्या कल्पना थोडक्यात सांगते. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून लहान शरीर कमी उष्णता निर्माण करतं तेच बरं, ही जुनी मांडणी. दाट झाडोऱ्यात लांब ढांगा टाकता येत नाहीत, त्यामुळे बुटक्या माणसाचं चालणं तिथे कमी अडतं, असं मलेशिया आणि बोलिव्हियातल्या जंगलवासीयांना प्रत्यक्ष चालायला लावून २०१८ साली दाखवलं गेलं. हे सगळे दाब एकत्रही काम करू शकतात. एवढं मात्र जनुकांवरून बऱ्यापैकी दिसतं की बुटकेपणा एकदाच उगवून सगळीकडे पसरलेला नाही. बाट्वा आणि बाका यांच्यात तो स्वतंत्रपणे आला असावा. आपल्या अंदमानातल्या जारवा आणि ओंगे लोकांच्या जनुकांतही, २०१६च्या अभ्यासात, शरीराच्या आकाराशी संबंधित अनेक जनुकांवर निवडीच्या खुणा सापडल्या.

एक विनंती. ही माहिती वाचून ‘मग मेळघाटातली मुलंही जंगलाला जुळवून घेऊनच बुटकी असतील’ असं कुणी म्हणू नये. हा तर्क मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. तिथली खुरटलेली उंची ही अन्न, वारंवारचे जुलाब आणि आईच्या अशक्तपणाची आहे. तपासणीतही फरक कळतो: उपासमारीत ग्रोथ हार्मोन वाढतं आणि आयजीएफ-१ पडतं, वजनही घसरलेलं असतं, आणि मूल वेळेत नीट खाऊ लागलं की आयजीएफ-१ काही दिवसांत वर येऊ लागतं. बाका किंवा एफेंबद्दल जे लिहिलं त्यातलं काहीही त्या मुलांना लागू करू नका.

मला संधी मिळाली तर मी एकच तपासणी मागेन: खरी जन्मतारीख माहीत असलेल्या बाका मुलांचं आयजीएफ-१, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी, आणि मग पुन्हा वयात येताना. रिसेप्टर कमी असणं हेच कारण असेल तर पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात ते इतर बाळांपेक्षा खाली गेलेलं दिसायला हवं. आणि किशोरवयात झेप येतेच आहे, तर तेव्हा ते चढायलाही हवं. चढलं, तर १९८७चा तो एक तृतीयांशचा आकडा निदान बाकांना लागू होत नाही आणि तो अंदाजाने लावलेल्या वयांमुळे आला होता का हे तपासावं लागेल. नाही चढलं, तर आयजीएफ-१ इतकं कमी असताना ही मुलं एवढी झेप घेतात कशी, हे आम्हाला नव्याने शोधावं लागेल.